पीएचडीच्या मुदतीचं परिपत्रक, त्याचा गोषवारा आणि विभागप्रमुखांना लिहिलेलं एका प्रश्नाचं पत्र

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ मध्ये मी जे केलं ते नीट लिहून ठेवतेय, कारण तेव्हापासून बऱ्याच जणींनी पत्राचा नमुना मागितला आणि नुसता नमुना देऊन भागत नाही असं लक्षात आलं. नमुन्यात काय लिहायचं यापेक्षा त्याच्या आधी काय काय तपासायचं हाच जास्त वेळखाऊ भाग आहे. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भूगोल विभागात पीएचडी करत होते, प्रवेश १८ फेब्रुवारी २०१९ चा, आणि मधे २०२२ मध्ये बाळंतपणाची रजा घेतलेली. ज्यांची अशी मधली रजा आहे त्यांना हे सगळं थेट लागू पडेल.

२१ ऑक्टोबरला, सोमवारी संध्याकाळी, आमच्या संशोधकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. दुसऱ्या विभागाच्या नोटीस बोर्डवर लावलेल्या दोन पानी परिपत्रकाचा. बोर्डाला काच, काचेवर ट्यूबलाइटची चमक, फोटो तिरका काढलेला आणि दोन-तीन ग्रुप फिरून आल्यामुळे अक्षरं फुटलेली. विषय मात्र स्पष्ट वाचता येत होता, पीएचडीचा कमाल कालावधी आणि पुनर्नोंदणी. पोटात गोळाच आला, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये माझी सहा वर्षं भरत होती आणि प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण अजून लिहायचं होतं.

तासाभरात ग्रुपवर त्या परिपत्रकाचे दोन सारांश फिरायला लागले. एकीनं लिहिलं, "बाळंतपणाची रजा वगळून सहा वर्षं मोजणार, टेन्शन घेऊ नका." दुसऱ्यानं लिहिलं, "रजा धरूनच सहा वर्षं, वेगळी मिळणार नाहीत." दोघंही तोच फोटो वाचून लिहीत होते आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं. मी फोटो मोठा करून चौथं कलम परत परत वाचलं. त्यात होतं :

"४. महिला संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मंजूर प्रसूती/बालसंगोपन रजेचा (कमाल २४० दिवस) कालावधी विचारात घेऊन कमाल कालावधीची गणना करण्यात यावी."

विचारात घेऊन म्हणजे रजा सहा वर्षांत धरून की त्यातून वगळून, हे या वाक्यात कुठेच नाहीये. दोन्ही अर्थ निघतात. आणि ज्या क्षणी आपण ते आपल्या शब्दांत लिहायला जातो त्या क्षणी नकळत एक अर्थ निवडून मोकळे होतो, वाचणाऱ्याला कळतही नाही की मूळ मजकुरात शंका होती. ग्रुपवर नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे मी तेव्हाच ठरवलं की गोषवारा करायचा पण हे एक कलम जसंच्या तसं उतरवायचं, एक अक्षरही न बदलता.

आता फोटोवरून गोषवारा करणं हे वाटतं तितकं सरळ नाही. पहिली गोष्ट म्हणजे मी ज्यानं फोटो काढला होता त्या मुलाला शोधून त्याच्याकडून मूळ फोटो मागितला, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव असं सांगितलं. तसं पाठवलं की फोटो दाबला जात नाही, आणि फरक खरंच खूप पडतो, ग्रुपवरच्या फोटोत न दिसणारे अनुस्वार आणि स्वल्पविरामसुद्धा दिसायला लागले. मग दुसऱ्या दिवशी बसून सगळा मजकूर ओळीला ओळ हातानं टाईप केला. जिथे वाचता आलं नाही तिथे अंदाजानं काही घातलं नाही, चौकोनी कंसात "वाचता येत नाही" असंच लिहिलं. जे नक्की नव्हतं पण बहुतेक असंच असावं असं वाटत होतं तिथे प्रश्नचिन्ह.

त्यात दोन जागा अडल्या. एक म्हणजे तारीख. परिपत्रकाचा दिनांक ११ ऑक्टोबर की १९ ऑक्टोबर हे कळत नव्हतं, देवनागरी १ आणि ९ खराब फोटोत जवळजवळ सारखेच दिसतात. कॅलेंडर काढून बघितलं तर १९ तारखेला शनिवार येत होता आणि आमच्या विद्यापीठाचं कार्यालय शनिवारी बंद असतं, म्हणजे ११ असणार. पण नुसत्या एवढ्यावर विसंबायला नको म्हणून विद्यापीठाच्या ज्या कक्षानं हे परिपत्रक काढलं होतं त्याच कक्षाची आधीची आणि नंतरची परिपत्रकं वेबसाइटवर काढली. प्रत्येकावर जावक क्रमांक असतो आणि तो वर्षभर चढत्या क्रमानं जातो, त्यामुळे आपल्या परिपत्रकाचा क्रमांक ज्या दोघांच्या मधे बसतो त्यांच्या तारखांच्या मधेच याची तारीख असली पाहिजे. आधीचं ९ तारखेचं होतं, नंतरचं १६ चं. म्हणजे ११ पक्की. (शासन निर्णय असेल तर हे आणखी सोपं असतं, त्यावर लांबलचक संकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. विद्यापीठाच्या परिपत्रकावर तसं काही नसतं.)

दुसरी जागा जास्त महत्त्वाची होती. परिपत्रकाच्या सुरुवातीच्या परिच्छेदात "खालील सहा सूचनांचे पालन करावे" असं होतं आणि फोटोत सूचना होत्या पाचच. पाचवी संपली की खाली लगेच सही-शिक्का, पण मधे दुसऱ्या कुठल्यातरी नोटिशीचा कोपरा वर आलेला. म्हणजे एक सूचना त्या कागदाखाली झाकली गेली होती. असं काही आहे का हे बघायची सवय लावून घेतलेली बरी, कलमांचे आकडे सलग आहेत का, पान क्रमांक जुळतात का, "सोबत जोडपत्र अ" म्हटलंय तर जोडपत्र फोटोत आहे का. फोटोवरून जे दिसत नाही ते नाहीच असं आपण धरून चालतो.

म्हणून बुधवारी, २३ तारखेला, विभागाच्या ऑफिसात गेले. तिथल्या काकांना विचारलं की हे परिपत्रक आपल्याकडे आलंय का. त्यांनी आवक रजिस्टर उघडून दाखवलं, ईमेलनं १४ तारखेला आलेलं होतं आणि प्रिंट काढून फाइलला लावलेलं होतं, पण विभागप्रमुख सरांनी अजून बघितलं नसल्यामुळे बोर्डावर लावलेलं नव्हतं. प्रत देता येणार नाही म्हणाले, पण "इथे बसून वाच की बाई, कोण नको म्हणतंय." मी माझा टाईप केलेला कागद नेलाच होता, मूळ प्रतीशी ओळीला ओळ ताडून पाहिला. झाकलेली सहावी सूचना अशी होती की विहित मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही. ही ओळ ग्रुपवरच्या कुठल्याच सारांशात नव्हती, आणि हिच्यामुळे चौथ्या कलमाचा अर्थ काय हा प्रश्न एकदम तातडीचा झाला.

का ते सांगते. तिसऱ्या सूचनेत लिहिलं होतं की कमाल कालावधी संपण्याच्या तीन महिने आधी पुनर्नोंदणीचा अर्ज विभागामार्फत द्यायचा. माझी सहा वर्षं १७ फेब्रुवारी २०२५ ला भरत होती. रजा त्यातच धरली तर अर्जाची शेवटची तारीख १७ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी रविवार, १६ ला शनिवार, १५ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणजे खरी शेवटची तारीख १४ नोव्हेंबर, आणि मधे दिवाळीची सुट्टी. रजा वेगळी धरली तर माझे मंजूर झालेले २४० दिवस पुढे मोजून कालावधी १५ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि अर्ज १५ जुलै २०२५ पर्यंत चालणार. एका वाक्याच्या दोन अर्थांत आठ महिन्यांचा फरक. वर पुनर्नोंदणीचं शुल्क पाच हजार, ते कदाचित लागणारही नाही किंवा आत्ताच भरावं लागेल.

मग मूळ नियम काय म्हणतो ते वाचलं. माझा प्रवेश २०१९ चा असल्यामुळे मला यूजीसीचे २०१६ चे विनियम लागू, २०२२ चे नाहीत, कारण २०२२ च्या विनियमांतच म्हटलंय की आधी नोंदणी झालेल्यांना त्या त्या वेळचे जुने विनियम लागू राहतील. (२०२२ चे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले, त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांनी ते वाचा, त्यात पुनर्नोंदणीची तरतूद वेगळी आहे.) २०१६ च्या विनियमांत पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना कमाल कालावधीत दोन वर्षांची सवलत देता येते, आणि त्याशिवाय महिलांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. "त्याशिवाय" आहे म्हणजे रजा ही दोन वर्षांच्या सवलतीपेक्षा वेगळी, एवढं नक्की. पण ते २४० दिवस सहा वर्षांत मोजायचे की नाही हे तिथेही स्पष्ट लिहिलेलं नाही. म्हणजे शंका माझ्या वाचनातली नव्हती, मुळातच जागा मोकळी होती आणि ती विद्यापीठानंच भरायला हवी होती.

अजून एक शंका मैत्रिणीनं काढली, की सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची की संशोधन समितीनं विषय मंजूर केला त्या तारखेपासून. ही शंका पत्रात घालावी असं तिचं म्हणणं. पण मी घरी जाऊन नोंदणीपत्र काढलं तर त्यावर "नोंदणी दि. १८/०२/२०१९ पासून ग्राह्य" असं छापलेलंच होतं. उत्तर आपल्याच फाइलीत असेल तर ते विचारायचं नाही, नाहीतर वरच्या टेबलावरून सोप्या प्रश्नाचं उत्तर येतं आणि अवघड प्रश्न तसाच राहतो. एका पत्रात एकच प्रश्न ठेवला.

गोषवारा एका ए-फोर पानात बसवला. वरच्या भागात परिपत्रकाची ओळख : क्रमांक, दिनांक, कोणत्या कक्षानं काढलं, कोणाच्या सहीनं, विषय, त्यात दिलेले संदर्भ, कोणाला लागू. त्याखाली एक ओळ, "हा गोषवारा सूचना फलकावरील छायाचित्रावरून तयार केला असून विभागाच्या फाइलमधील प्रतीशी दि. २३/१०/२०२४ रोजी ताडून पाहिला आहे." ही ओळ फार उपयोगी पडली, कारण सरांचा पहिला प्रश्न हाच होता की फोटोवर कसा विश्वास ठेवायचा. मग तक्ता. सूचना क्रमांक, काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत, सोबत काय जोडायचं. पाच सूचना साध्या भाषेत, प्रत्येकी एक-दोन ओळीत. उदाहरणार्थ तिसरीची ओळ अशी होती :

"सूचना ३ — पुनर्नोंदणीचा अर्ज करणे — संशोधक विद्यार्थी, मार्गदर्शक व विभागप्रमुखांमार्फत — कमाल कालावधी संपण्याच्या ३ महिने आधी — प्रगती अहवाल, शुल्क पावती, नोंदणीपत्राची प्रत."

आणि चौथीच्या जागी सारांश नाही, अवतरणचिन्हांत मूळ वाक्य आणि पुढे फक्त "पत्रातील परिच्छेद २ पाहावा". तक्त्यात माझं मत कुठेच घातलं नाही. गोषवारा विभागाच्या कामाचा व्हावा, इतर संशोधकांसाठीही वापरता यावा, म्हणून त्यात माझं नाव आणि माझ्या तारखासुद्धा नव्हत्या, त्या सगळ्या पत्रात.

पत्र हे असं होतं, नाव-गाव काढून देते :

"प्रति,
मा. विभागप्रमुख,
भूगोल विभाग.
(मार्गदर्शकांमार्फत)

विषय : पीएचडी कमाल कालावधीबाबतच्या परिपत्रकातील सूचना क्र. ४ च्या अर्थाबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.
संदर्भ : १) परिपत्रक दि. ११/१०/२०२४. २) माझे नोंदणीपत्र (दि. १८/०२/२०१९ पासून ग्राह्य). ३) प्रसूती रजा मंजुरी आदेश (दि. ०३/०५/२०२२ ते २८/१२/२०२२, एकूण २४० दिवस).

महोदय,

१) संदर्भ क्र. १ च्या परिपत्रकाचा गोषवारा सोबत जोडला आहे.

२) सदर परिपत्रकातील सूचना क्र. ४ नुसार मंजूर प्रसूती रजेचा कालावधी 'विचारात घेऊन' कमाल कालावधीची गणना करावयाची आहे. याचे दोन अर्थ संभवतात. (अ) रजेचा कालावधी सहा वर्षांत समाविष्ट धरावा. तसे असल्यास माझा कमाल कालावधी दि. १७/०२/२०२५ रोजी संपतो व अर्जाची मुदत दि. १७/११/२०२४ ही येते. (ब) रजेचा कालावधी सहा वर्षांतून वगळावा. तसे असल्यास कमाल कालावधी दि. १५/१०/२०२५ रोजी संपतो व अर्जाची मुदत दि. १५/०७/२०२५ ही येते.

३) यांपैकी कोणता अर्थ ग्राह्य धरावा, याबाबत संबंधित कक्षाकडून लेखी मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

४) मार्गदर्शन प्राप्त होईपर्यंत मुदत उलटू नये म्हणून, (अ) प्रमाणे येणाऱ्या मुदतीत मी अर्ज सादर करीत आहे. (ब) हा अर्थ ग्राह्य ठरल्यास तो अर्ज मागे घेतल्याचे समजावे.

आपली विश्वासू"

खाली सोबतची यादी : गोषवारा, नोंदणीपत्राची प्रत, रजा आदेशाची प्रत. परिच्छेदांना आकडे मुद्दाम दिले, म्हणजे उत्तर देणाऱ्याला "परिच्छेद २ मधील (ब) ग्राह्य" एवढंच लिहून भागावं. अन्याय, नुकसान, मानसिक त्रास वगैरे काही लिहिलं नाही. ते खरं होतं, रात्री झोप लागत नव्हती आणि लेकीला झोपवताना डोक्यात तारखाच चालू असायच्या, पण या कागदावर त्याचा उपयोग नव्हता. यूजीसीच्या विनियमांचा उल्लेखही पत्रात नाही. विनियमाचं ते पान सोबत ठेवलं होतं, कोणी विचारलं तर दाखवायला. पत्रातच वाद मांडला की ते विनंतीपत्र राहत नाही, तक्रार होते आणि मग ते दुसऱ्याच फाइलीत जातं.

एक सांगायचं राहिलं, दिवसांची मोजणी. २४० दिवस म्हणजे आठ महिने असं ढोबळ धरू नका, कॅलेंडर घेऊन मोजा. १७ फेब्रुवारीनंतर २४० दिवस मोजले की १५ ऑक्टोबर येतो, आठ महिने धरले तर १७ ऑक्टोबर. दोन दिवसांचा फरक आहे, पण पत्रात एक तारीख चुकली की अख्ख्या पत्रावरचा विश्वास जातो. मी मोजणीचा कागद नवऱ्याकडून परत मोजून घेतला, आणि रजा आदेशातले दिवसही मोजले, पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरून २४० भरतात ना ते.

२४ ऑक्टोबरला, गुरुवारी, सकाळी गाइड मॅडमनी वाचून सही केली. त्यांनी एवढंच सांगितलं की विषयाच्या ओळीत "शंका" लिहू नकोस, "अर्थाबाबत मार्गदर्शन" लिही, तशी मी बदलली आणि परत प्रिंट काढली. मग ऑफिसात दोन प्रती दिल्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत घेतली. ही पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. काका म्हणाले ठेवून जा, सर आले की देतो, मी म्हटलं "काका, शिक्का मारून द्या ना, मग बसते." त्यांनी दिला. झेरॉक्स, प्रिंट, फाइल असं सगळं धरून साठ-सत्तर रुपये खर्च झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. थोडी धाकधूक होती, कारण सर कमी बोलतात. त्यांनी गोषवारा आधी वाचला, पत्र नंतर. मग त्यांनी चौथ्या सूचनेवर बोट ठेवून म्हटलं, "मला वाटतं वगळूनच असणार." मला तेवढ्यानंच केवढं हलकं वाटलं. पण पुढे ते जे म्हणाले ते जास्त कामाचं होतं, "माझं मत तू मागितलं असतंस तर मी हे दिलं असतं, पण उद्या खिडकीवर माझं मत चालायचं नाही, कक्षाचं पत्र चालेल." त्यांनी माझ्या पत्रावरच "योग्य त्या मार्गदर्शनासाठी अग्रेषित" असा शेरा मारून सही केली आणि आपलं चार ओळींचं पत्र वर जोडून २५ तारखेलाच कक्षाकडे पाठवलं. गोषवारा बोर्डावर लावायलाही सांगितलं, पण मूळ परिपत्रकाच्या शेजारी, त्याऐवजी नाही.

जावक क्रमांक मी लगेच वहीत लिहून घेतला. पुढे कक्षात फोन केला की पहिला प्रश्न तोच येतो, क्रमांक सांगा. तो सांगता आला नाही तर तुमचं पत्र कुठल्या टेबलावर आहे हे कोणीच शोधत नाही.

मग दिवाळी. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि विद्यापीठ ११ तारखेला, सोमवारी उघडलं. त्यात विधानसभेची निवडणूक, २० नोव्हेंबरला मतदान, त्यामुळे कक्षातले निम्मे लोक प्रशिक्षणाला आणि ड्यूटीला. फोन केला तर सांगितलं की पत्र आलंय, टिप्पणी ठेवायचीय, निवडणूक होऊ द्या. त्यांच्या बाजूनंही ते बरोबरच होतं. पण १४ तारीख तर निवडणुकीसाठी थांबणार नव्हती.

म्हणून १३ नोव्हेंबरला पुनर्नोंदणीचा अर्ज दिला, पत्रात लिहिलं होतं तसाच. त्याच्या वरच्या कागदावर २५ ऑक्टोबरच्या जावक क्रमांकाचा संदर्भ आणि "मार्गदर्शनाच्या अधीन राहून" असे शब्द. खिडकीवरच्या बाईंनी शुल्काची पावती मागितली. मी पत्राची पोच दाखवून विचारलं की अर्ज आवक करून घ्या आणि शुल्क उत्तर आल्यावर भरलं तर चालेल का, त्यांनी आत जाऊन विचारलं आणि अर्ज घेतला, वर पेन्सिलीनं "शुल्क प्रलंबित" लिहून. सगळीकडे हे चालेलच असं नाही. तुमच्याकडे पैसे आधी भरायला सांगितले तर भरा आणि पावतीच्या मागेही "मार्गदर्शनाच्या अधीन" लिहून झेरॉक्स ठेवा, मुदत हुकण्यापेक्षा पैसे परत मागणं सोपं.

मधले आठवडे सगळ्यात वाईट गेले. काम होत नव्हतं. नकाशे समोर उघडे असायचे आणि मी फोनकडे बघत बसायचे. आईनं फोनवर सांगितलं की तुझ्या हातातलं सगळं करून झालंय, आता लिहायला बस, आणि शेवटी तेच केलं, रोज सकाळी लेक उठायच्या आत दोन तास.

उत्तर ९ डिसेंबरला आलं, सरांच्या नावानं, एका पानाचं. मुख्य वाक्य असं होतं की परिच्छेद २ मधील (ब) प्रमाणे कार्यवाही करावी, म्हणजे मंजूर रजेचा कालावधी कमाल कालावधीत गणला जाणार नाही. पुढे दोन अटी. एक, जेवढ्या दिवसांचा मंजुरी आदेश आहे तेवढेच दिवस वगळले जातील, सरसकट २४० नाहीत. आणि दोन, आदेशाची प्रत विद्यार्थ्यानं स्वतः कक्षाच्या फाइलला लावून सुधारित तारखेची नोंद करून घ्यायची, ती आपोआप होणार नाही. आठवड्याभरात हेच सगळ्या विभागांना शुद्धिपत्रक म्हणूनही निघालं.

मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून ते पत्र वाचलं आणि रडले, एवढंच सांगते. मग आत जाऊन काकांना दाखवलं, गाइड मॅडमना फोन केला.

नोंद करून घ्यायला १२ डिसेंबरला कक्षात गेले. रजा आदेश, उत्तराची प्रत आणि नोंदणीपत्र असं सेट करून दिलं. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर "कमाल कालावधी दि. १५/१०/२०२५" असं लाल शाईत लिहिलं गेलं ते समोर उभं राहून बघितलं, आणि त्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागून काढला. नोव्हेंबरचा अर्ज मागे घेतल्याचं वेगळं दोन ओळींचं पत्रही दिलं. पत्रात आधी लिहिलेलं असलं तरी क्लार्कना फाइल बंद करायला स्वतंत्र कागद लागतो. शुल्क भरावं लागलं नाही.

पुढे जूनमध्ये सादरीकरण झालं, गोषवारा-पुस्तिका गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रबंध जमा केला, पुनर्नोंदणी न करता.

या उत्तराचा फायदा आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना सारखा झाला नाही. जिनं सहाच महिने रजा मंजूर करून घेतली होती तिला तेवढेच दिवस मिळाले. आणि एकीनं रजा फक्त गाइडना तोंडी सांगून घेतली होती, हजेरीपत्रकात ती गैरहजर दिसत होती पण आदेश नव्हता, तिला एकही दिवस मिळाला नाही. तिच्यासाठी आता आम्ही वेगळा रस्ता बघतोय, २०१६ च्या विनियमांतली दोन वर्षांची सवलत, त्या सवलतीला रजेच्या आदेशाची गरज नसते, पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागावी लागते. जी आत्ता रजेवर आहे किंवा जाणार आहे तिनं आजच बघून घ्यावं की रजेचा लेखी आदेश निघालाय का, त्यावर पासून-पर्यंतच्या तारखा आणि एकूण दिवस छापलेत का आणि त्याची एक प्रत कक्षाच्या फाइलला लागलीय का.